पाठकोऱ्या कागदावरून नोटिशीपर्यंत

आमच्या सोसायटीत एक निवृत्त शिक्षक राहतात. कोथरूडमध्ये त्यांचा आणखी एक दोन खोल्यांचा फ्लॅट आहे आणि तो ते लिव्ह अँड लायसन्सवर देतात. माझी सगळी नोकरी एका वकिलांच्या कचेरीत दस्त आणि नोटिसा लिहिण्यात गेली, हे त्यांना ठाऊक होतं. २०२५ च्या मे महिन्यात एका संध्याकाळी ते लाइट बिलाचा पाठकोरा कागद घेऊन घरी आले. "मुद्दे काढलेत. तुम्ही फक्त कायद्याच्या भाषेत बसवून द्या," म्हणाले. कागदावर हे लिहिलं होतं :

१) करार ३१ जुलैला संपतो. आता वाढवणार नाही.
२) मुलगी परत येतेय, तिला फ्लॅट पाहिजे. त्याआधी रंग काढायचाय.
३) मेचं भाडं अजून नाही.
४) पाच वेळा फोन केला, उचलत नाहीत.
५) एप्रिलचं लाइट बिल भरलेलं नाही – ३,१४०.
६) बेडरूमच्या खिडकीची काच फुटली, भिंतींना खिळे.
७) सगळं डिपॉझिटमधून कापून घेणार.
८) वेळेत गेले नाहीत तर कुलूप बदलीन, पाणी बंद करीन.

घरमालकांचे मुद्दे बहुतेक असेच असतात. मजकूर खरा असतो, पण त्यात तारीख, हिशोब, राग आणि धमकी एकमेकांत मिसळलेली असते. हे आठ मुद्दे ओळीने "सदर", "उपरोक्त" असे शब्द घालून लिहिले, तर दिसायला नोटीस तयार होते. पुढे सक्षम प्राधिकाऱ्यांसमोर वाद गेला, तर तीच नोटीस घरमालकाला अडचणीची ठरते. म्हणून प्रत्येक मुद्द्याला आधी एकच प्रश्न विचारायचा : याला करारात आधार आहे का?

आधी करार, मग कागद

मी सरांना करार आणायला सांगितला. त्यांनी आणला तो आधीच्या वर्षाचा निघाला. त्याच कुटुंबाशी त्यांनी दोन करार केले होते. पहिला १ सप्टेंबर २०२३ ते ३१ जुलै २०२४ असा, अकरा महिन्यांचा. दुसरा १ ऑगस्ट २०२४ पासून, तोही अकरा महिन्यांचा. म्हणजे दुसरा करार संपणार होता ३० जून २०२५ रोजी. सरांच्या डोक्यात पहिल्या कराराची तारीख बसली होती आणि तीच कागदावर उतरली होती. ती नोटिशीत गेली असती तर "मालकांनीच लेखी ३१ जुलैपर्यंतचा वेळ दिला" असं म्हणायला समोरच्याला जागा मिळाली असती.

अकरा-अकरा महिन्यांचे करार एकामागून एक केले की शेवटची तारीख दर वर्षी एक महिना मागे सरकते. त्यामुळे आठवणीवर विसंबू नये. ताज्या कराराची प्रत समोर ठेवून मुदत, लायसन्स फी, अनामत रक्कम, दस्त क्रमांक आणि दोन्ही पक्षांची नावं त्यातूनच उतरवावीत. नाव करारात जसं आहे तसंच लिहावं. करार पती-पत्नी दोघांच्या नावे असेल तर नोटीसही दोघांच्या नावे जाते.

मुदत आपोआप संपते, मग नोटीस कशाला?

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळांना वाटतं, नोटीस दिली की करार संपतो. राहण्यासाठी दिलेल्या जागेचा लिव्ह अँड लायसन्स करार ठरलेल्या तारखेला आपोआप संपतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याचं कलम २४ सांगतं की मुदत संपताच लायसन्सीने, म्हणजे जागा वापरणाऱ्याने, ताबा परत द्यायचा. नाही दिला तर मालक सक्षम प्राधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकतो आणि ताबा मिळेपर्यंत लायसन्स फीच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागू शकतो. हा अधिकार मुदत संपण्यातून येतो. तो मिळवायला नोटीस द्यावी लागत नाही.

तरीही नोटीस द्यावी, आणि तिची कामं तीन. पहिलं, करार पुढे वाढणार नाही हे स्पष्ट सांगणं. एकदा नूतनीकरण झालेल्या घरात राहणाऱ्यांना वाटतं, यंदाही होईल. त्यांना नवं घर शोधायला वेळ हवा असतो, मुलांच्या शाळेचा विचार असतो. दुसरं, मुदत उलटून राहिल्यास काय होईल याची आधीच जाणीव देणं. तिसरं, मालकाने मुदतवाढीला संमती दिली नव्हती याचा लेखी पुरावा ठेवणं. या तिन्हींत जे बसत नाही ते नोटिशीत येऊ नये. मुदत संपायच्या महिनाभर आधी नोटीस हातात पडावी, म्हणजे समोरच्यालाही हलायला अवधी मिळतो.

करारात "एक महिन्याची पूर्वसूचना देऊन करार रद्द करता येईल" असं एक कलम सहसा असतं. ते मुदतीच्या मध्येच करार मोडण्यासाठी आहे. सरांच्या बाबतीत मुदत पूर्ण होत होती, म्हणून त्या कलमाचा उल्लेख नोटिशीत केला नाही. तो केला तर आपण करार मधेच रद्द करतोय असा अर्थ निघतो आणि सरळ गोष्ट वाकडी होते.

आठ मुद्द्यांची वाटणी

पहिला मुद्दा नोटिशीचा कणा. तारीख दुरुस्त करून तो तसाच ठेवला.

दुसरा, मुलीचा. मी तो काढायला सांगितला तेव्हा सर चकित झाले. "अहो, खरं कारण तेच आहे!" म्हणाले. कारण खरं होतं, पण लागत नव्हतं. जुन्या, कायद्याने संरक्षित भाडेकरूकडून जागा परत मागताना स्वतःची खरी गरज सिद्ध करावी लागते. ती कलम १६ ची गोष्ट. मुदत संपलेल्या लायसन्समध्ये कारण द्यावं लागत नाही. दिलं तर नसलेला वाद उभा राहतो : मुलगी खरंच येणार का, नंतर फ्लॅट दुसऱ्याला दिला का? प्रत्यक्ष भेटीत सरांनी मुलीचं सांगावं, कागदावर लिहू नये.

तिसरा आणि पाचवा मुद्दा पैशांचा. तो हवा, पण वेगळ्या परिच्छेदात. "मेचे पैसे दिले नाहीत म्हणून जागा सोडा" असं लिहिलं की जागा सोडण्याचं कारणच बदलतं. समोरच्याने दुसऱ्या दिवशी पैसे भरले तर तो म्हणेल, आता कारण उरलं नाही. जागा सोडण्याचं कारण मुदत संपणं हे एकच. थकबाकीची मागणी ही स्वतंत्र गोष्ट. शिवाय रक्कम आज देय असेल तेवढीच लिहायची. जूनची फी करारानुसार ५ जूनपर्यंत द्यायची होती, म्हणून मेमधल्या नोटिशीत ती थकबाकी म्हणून धरली नाही.

चौथा, फोनचा. तो गाळला. फोन उचलला नाही याला करारात आधार नाही, आणि रागाच्या ओळीने कागदाचं वजन कमी होतं.

सहावा आणि सातवा एकत्र बघावे लागतात. डिपॉझिट कापण्याची रक्कम नोटिशीत लिहिता येत नाही, कारण नुकसान अजून दोघांनी मिळून पाहिलेलं नाही. फुटलेली काच हे नुकसान आहे. चित्रं लावायचे दोन-चार खिळे आणि रंगाचं फिकट होणं ही राहत्या घराची नेहमीची झीज. सरांच्या करारातही "नेहमीची झीज वगळून" असेच शब्द होते. म्हणून नोटिशीत एवढंच : ताबा देताना एकत्र पाहणी करू, हिशोब करू आणि उरलेली अनामत परत देऊ. परत देण्याचं हे वाक्य मालक बहुधा विसरतात. समोरच्याला सर्वांत मोठी काळजी असते ती डिपॉझिटची. पैसे मिळणार नाहीत असं वाटलं तर तो शेवटच्या महिन्यांची फीच थांबवतो. मेचे पैसे अडले होते, त्याचं मूळ बहुधा हेच होतं.

आठवा मुद्दा मी पूर्ण खोडला. पाणी किंवा वीज तोडायला याच अधिनियमाचं कलम २९ मनाई करतं. ते कलम भाडेकरूंबद्दल बोलतं, पण मुदत संपलेल्या लायसन्सीच्या बाबतीतही ताबा परत मिळवण्याची वाट सक्षम प्राधिकाऱ्यांकडूनच जाते. माणसं आत राहत असताना कुलूप बदलणं हे पोलीस तक्रारीला निमंत्रण. आणि धमकी लेखी दिली तर ती मालकाच्याच सहीचा पुरावा ठरते. तिच्या जागी कलम २४ चं एक वाक्य पुरतं. ते धमकीपेक्षा कितीतरी जड आहे.

शब्दांचीही एक गोष्ट. सरांनी सगळीकडे "भाडं" आणि "भाडेकरू" लिहिलं होतं. बोलताना आपण सगळेच तसं बोलतो. नोटिशीत मात्र करारातले शब्द वापरावेत : लायसन्सर, लायसन्सी, लायसन्स फी. कायद्याच्या नजरेत भाडेकरू आणि लायसन्सी हे दोन वेगळे लोक आहेत. कलम २४ प्रमाणे लेखी करार हा त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. आपल्याच नोटिशीने त्यात गोंधळ आणायचं काही कारण नाही.

तयार झालेली नोटीस

नावं आणि क्रमांक वगळून ती अशी होती :

दिनांक : २६ मे २०२५

प्रति,
श्री. ______ व सौ. ______ (लायसन्सी)
फ्लॅट क्र. ___, ______ सोसायटी, कोथरूड, पुणे

विषय : लिव्ह अँड लायसन्स कराराची मुदत दि. ३० जून २०२५ रोजी संपत असल्याने जागेचा ताबा परत देण्याबाबत.

संदर्भ : नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार, दस्त क्र. ______, दिनांक ______.

महोदय / महोदया,

१. वरील कराराने मी माझ्या मालकीचा वर नमूद केलेला फ्लॅट आपणांस फक्त राहण्यासाठी, दि. १ ऑगस्ट २०२४ ते दि. ३० जून २०२५ या अकरा महिन्यांच्या मुदतीकरिता, दरमहा रु. २२,०००/- लायसन्स फीवर वापरण्यास दिला आहे. आपण माझ्याकडे रु. ६६,०००/- बिनव्याजी अनामत ठेवली आहे.

२. सदर कराराची मुदत दि. ३० जून २०२५ रोजी संपत आहे. या कराराचे नूतनीकरण करण्याची अथवा मुदत वाढविण्याची माझी इच्छा नाही.

३. तरी आपण दि. ३० जून २०२५ रोजी सायंकाळी ६ वाजेपर्यंत आपले सामान हलवून जागेचा रिकामा व शांततापूर्ण ताबा सर्व किल्ल्यांसह मला द्यावा.

४. माझ्या नोंदीनुसार आजअखेर मे २०२५ ची लायसन्स फी रु. २२,०००/- व एप्रिल २०२५ चे वीजबिल रु. ३,१४०/- असे एकूण रु. २५,१४०/- आपणांकडून येणे आहे. ही नोटीस मिळाल्यापासून ७ दिवसांत ही रक्कम भरावी. रक्कम भरली असल्यास पावती दाखवावी. ही मागणी परिच्छेद ३ मधील ताब्याच्या मागणीपेक्षा स्वतंत्र आहे.

५. ताबा देतेवेळी आपण व मी मिळून जागेची व करारासोबतच्या यादीतील वस्तूंची पाहणी करू. करारानुसार देय रकमा व नेहमीची झीज वगळून झालेले नुकसान वजा करून उरलेली अनामत त्याच वेळी आपणांस परत केली जाईल.

६. मुदतीनंतर ताबा न दिल्यास महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ अन्वये मला सक्षम प्राधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागेल, आणि ताबा मिळेपर्यंत लायसन्स फीच्या दुप्पट, म्हणजे दरमहा रु. ४४,०००/- दराने नुकसानभरपाई देण्यास आपण जबाबदार राहाल.

७. मुदतीनंतर आपणांकडून कोणतीही रक्कम स्वीकारली गेल्यास ती केवळ जागेच्या वापराची भरपाई समजली जाईल. त्यामुळे करार वाढला किंवा नवा करार झाला असे होणार नाही.

आपल्या सहकार्याची अपेक्षा आहे.

आपला,
(सही)
लायसन्सर

चौथ्या परिच्छेदात "माझ्या नोंदीनुसार" आणि "पावती दाखवावी" हे शब्द मुद्दाम घातले. पैसे आले असून सरांच्या पासबुकात दिसायचे राहिले असतील, तर नोटीस खोटी पडू नये. सातवा परिच्छेद सरांच्या कागदावर नव्हता. तो मी घातला, कारण बहुतेक मालक इथेच फसतात. मुदत संपते, समोरचा माणूस पुढच्या महिन्याचे पैसे गुपचूप खात्यावर पाठवतो आणि मालक ते "भाडं" म्हणून ठेवून घेतो. मग "तुम्हीच पुढे राहू दिलंत" असं म्हणायला जागा होते. माणुसकीने पंधरा दिवस वाढवून द्यायचेच असतील तर तेही लेखी द्यावेत : ही केवळ सवलत आहे, नवा करार नाही, आणि ताब्याची नवी तारीख अमुक.

पाठवायची कशी

नोटीस हातात देणार असाल तर दुसऱ्या प्रतीवर "मिळाली", सही आणि तारीख घ्यावी. सरांनी पोचपावतीसह रजिस्टर पोस्टाने पाठवली. २०२५ मध्येच टपाल खात्याने रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केलं, तेव्हा आता खिडकीवर पोचीचा पुरावा मिळेल अशा तऱ्हेने स्पीड पोस्ट मागावं. एक प्रत फ्लॅटच्या पत्त्यावर आणि एक करारात लिहिलेल्या कायमच्या पत्त्यावर धाडावी. योग्य पत्ता आणि पूर्ण टपालखर्च घालून नोंदणीकृत टपालाने पाठवलेलं पत्र पोचलं असं कायदा गृहीत धरतो. म्हणून "घेण्यास नकार" असा शेरा मारून पाकीट परत आलं तर ते फोडू नये, बंदच जपून ठेवावं. सोबत नोटिशीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायला हरकत नाही. तो पुरावा म्हणून कमी आणि समोरच्याने नक्की वाचावी म्हणून जास्त उपयोगी पडतो. सोसायटीच्या सूचना फलकावर मात्र लावू नये. तो समोरच्याचा अपमान आहे, आणि त्याने ताबा लवकर मिळत नाही.

नाहीच गेले तर

मुदतीनंतरही ताबा मिळाला नाही, तर नोंदणीकृत करार जोडून सक्षम प्राधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. लायसन्सीला समन्स निघतं. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत त्याने प्रतिज्ञापत्र देऊन बचाव करण्याची परवानगी मागायची असते. ती मागितली नाही किंवा मिळाली नाही तर अर्जातलं म्हणणं मान्य आहे असं धरून जागा खाली करण्याचा आदेश होतो. साध्या दिवाणी दाव्यापेक्षा ही वाट बरीच जवळची आहे. पण अर्जाची सुरुवात करारापासून होते. करार नोंदवण्याची जबाबदारी कलम ५५ ने मालकावर टाकली आहे. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय कराराच्या अटींबद्दल वाद झाला तर, उलट सिद्ध होईपर्यंत, समोरच्याचं म्हणणं खरं धरलं जातं. स्टॅम्पपेपरवर लिहून कपाटात ठेवलेल्या करारावर नोटीस कितीही छान लिहिली तरी पाया कच्चाच.

हा मार्ग राहत्या घराच्या लायसन्ससाठी आहे. दुकान किंवा ऑफिसला दिलेली जागा कलम २४ मध्ये येत नाही. पागडीच्या किंवा जुन्या संरक्षित भाडेकरूला वर दिलेला नमुना लागू पडत नाही. राज्याबाहेर, अगदी शेजारच्या गोव्यातही, कायदा वेगळा आहे. अशा वेळी आधी वकिलांना विचारावं.

३० जूनची संध्याकाळ

नोटीस मिळाल्यावर चौथ्या दिवशी त्या गृहस्थांचा फोन आला. मेची फी आणि लाइट बिल त्यांनी भरलं. जूनची फी डिपॉझिटमधून वळती करा म्हणाले, आणि सरांनी ते लेखी मान्य केलं. ३० जूनला दोघांनी मिळून खोल्या पाहिल्या, मीटरचं रीडिंग टिपलं, तीन किल्ल्या मोजल्या. जूनची फी २२,०००, शेवटचं वीजबिल १,८६० आणि काचेचे १,२०० असे २५,०६० रुपये वजा झाले. खिळ्यांचे काही धरले नाहीत. उरलेले ४०,९४० रुपये सरांनी तिथेच त्यांच्या खात्यावर पाठवले. एका पानावर ताबापावती लिहून दोघांनी सह्या केल्या : जागा, तारीख, वेळ, रीडिंग, किल्ल्या, परत केलेली रक्कम, आणि "आता एकमेकांकडून काही येणे नाही" हे वाक्य. ही ताबापावती नोटिशीइतकीच जपून ठेवायची असते.

तुमची जागा लिव्ह अँड लायसन्सवर दिलेली असेल तर आज एवढंच करा. ताजा करार काढून त्यातली शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहा, आणि तिच्या दीड महिना आधीच्या दिवसावर खूण करा. नोटीस लिहायला बसायचं तो दिवस हा.